वेर्णा, कुंडई की हैदराबाद? फार्मा लॅबमधल्या तीन ऑफर कशा तोलायच्या

प्रश्न: मी डिचोलीचा. रसायनशास्त्रात एम.एस्सी. केलं, चार वर्षं एका औषध कंपनीच्या क्यूसीत एचपीएलसीवर काम करतोय. सध्या वर्षाला ४.४ लाख. आता तीन ऑफर आल्यात. एक, वेर्ण्यातली मोठी निर्यातदार कंपनी, क्यूसी, सीनियर ऑफिसर, ६.६ लाख, तिन्ही शिफ्ट. दोन, कुंडईतली मध्यम कंपनी, अ‍ॅनालिटिकल डेव्हलपमेंट लॅब, ५.४ लाख, जनरल शिफ्ट. तीन, हैदराबादची कॉन्ट्रॅक्ट टेस्टिंग लॅब, टीम लीड, ७.८ लाख, पण २ वर्षांचा बाँड. आई म्हणते जास्त पैसे तिथे जा, बाबा म्हणतात सरकारी परीक्षा दे. आठ दिवसांत कळवायचं आहे. कसं ठरवू?

उत्तर:

पैशांचं आधी उरकून घेऊ, कारण सीटीसीचा आकडा मनात बसला की बाकी काही दिसत नाही. तुमच्या पत्रांतला तपशील थोडा इकडेतिकडे असेल, पण या पातळीवर हिशेब साधारण असा पडतो. वेर्ण्याच्या ६.६ लाखांतले ६० हजार बहुधा व्हेरिएबल असतील, म्हणजे वर्षाच्या शेवटी, रेटिंगवर. कंपनीचा पीएफचा वाटा महिन्याला १८०० धरला तर वर्षाचे २१,६००. ग्रॅच्युइटीच्या नावाखाली १४ हजारांच्या आसपास, मेडिक्लेमचे दहाएक हजार. उरलेल्याला बाराने भागून तुमचा स्वतःचा पीएफ वजा केलात की हातात ४४ हजारांच्या थोडे वर येतात. कुंडईच्या ५.४ लाखांत व्हेरिएबल नसेल तर हातात जवळजवळ ४० हजार. म्हणजे कागदावर महिन्याला १० हजारांचा दिसणारा फरक प्रत्यक्षात साडेचार हजारांचा आहे. व्हेरिएबल पूर्ण मिळालं तर त्यात महिन्याला ५ हजारांची भर पडते, पण ते मिळेलच असं धरून घराचे हप्ते बांधू नका.

हैदराबादचे ७.८ लाख. त्यातले लाखभर जर 'रिटेन्शन बोनस' म्हणून वर्षाअखेरीला असतील, तर हातात साडेपन्नास हजार पडतील. त्यातून वाटून घेतलेल्या फ्लॅटचं भाडं, जेवण, येणं-जाणं आणि घरी येण्याचं तिकीट असे वीसेक हजार काढा. उरतात तीस. तुम्हाला आत्ता डिचोलीला घरी राहून बत्तीसेक हजार मिळत असणार. आईंना हे एकदा कागदावर मांडून दाखवा. सध्याच्या नव्या करप्रणालीत या तिन्ही पगारांवर आयकर शून्य येतो, त्यामुळे त्याने तुलनेत फरक पडत नाही.

तर पैशांच्या बाजूने तिघीत वेर्णा थोडी पुढे, कुंडई तिच्या मागे, हैदराबाद दिसते तेवढी मोठी नाही. आता खरा प्रश्न.

मी क्यूसीत ऑफिसर म्हणून सुरुवात करून शेवटी लॅब सांभाळली, आणि वेर्णा ते पिळर्णपर्यंत माणसं घेतली, सोडली, दुसरीकडे पाठवली. त्यावरून एक सवय लागली आहे: ऑफर आली की कंपनी बघायची नाही, खुर्ची बघायची. तुम्ही कंपनीत जात नाही, त्या कंपनीतल्या एका बाकावर जाता. त्या बाकावर सकाळी साडेनऊ ते संध्याकाळी सहा काय होतं, यावरच दोन वर्षांनी तुम्ही कोण असाल ते ठरतं.

क्यूसीत तुम्ही पद्धत चालवता. एसटीपी हातात असते, कॉलम ठरलेला, बफरचा पीएच ठरलेला, रनटाइम ठरलेला. तुमचं कौशल्य म्हणजे चुका न करता, वेळेत, रोज. हे कमी लेखू नका. वेर्ण्याच्या मोठ्या प्लांटमध्ये जो वेग आणि शिस्त लागते ती लहान लॅबमध्ये अंगात भिनत नाही. पण तुम्ही चार वर्षं तेच केलंय. पाचव्या वर्षी दुसऱ्या गोळीचा तोच अ‍ॅसे, तेच डिझोल्यूशन, फक्त लोगो वेगळा. नवीन एकच गोष्ट मिळेल, ती म्हणजे अमेरिकन किंवा युरोपीय ऑडिटला समोर बसण्याचा अनुभव. तो मोलाचा आहे, पण सीनियर ऑफिसरला प्रत्यक्ष किती मिळतो हे विचारल्याशिवाय धरू नका. बऱ्याच ठिकाणी ऑडिटरपुढे मॅनेजर बसतो आणि ऑफिसर मागच्या खोलीत फायली शोधत असतो.

डेव्हलपमेंट लॅबमध्ये पद्धत बनवायची असते. समजा एका गोळीतल्या अशुद्धींसाठी पद्धत हवी आहे आणि दोन अशुद्धींचे पीक एकमेकांवर चढलेत. क्यूसीत ही तक्रार असते, इथे हेच काम. त्यातली एक अशुद्धी अमाइन असेल तर बफरचा पीएच बदलला की तिचा रिटेन्शन टाइम सरकतो. किती सरकेल हे तिच्या पीकेएवर अवलंबून. पण पीएच नेमका पीकेएच्या जवळ ठेवलात तर पीक वेगळे होतील खरे, मात्र उद्या क्यूसीतल्या कुणी बफर ०.१ ने चुकवला की सगळं कोसळेल. म्हणून पीकेएपासून दीड-दोन युनिट लांब राहून दुसरा मार्ग शोधायचा: कॉलम बदला, सी१८ वरून फिनाइलवर जा, ग्रेडियंट मोकळा करा. मग गोळी आम्लात, अल्कलीत, पेरॉक्साइडमध्ये, उष्णतेत आणि उजेडात मुद्दाम बिघडवायची. साधारण ५ ते २० टक्के बिघाड होईल एवढीच, आणि जे तुकडे पडतात ते सगळे मुख्य पीकपासून वेगळे दिसतात का ते पीडीए डिटेक्टरवर तपासायचं. त्यानंतर व्हॅलिडेशन, आणि शेवटी ती पद्धत क्यूसीकडे सोपवायची. हे एक चक्र सुरुवातीपासून शेवटपर्यंत स्वतः केलेला माणूस क्रोमॅटोग्राम वेगळ्या डोळ्यांनी वाचतो. त्याला पीक का शेपटी टाकतो ते माहीत असतं, नुसतं टेलिंग फॅक्टर मर्यादेत आहे एवढंच नाही. शिवाय व्हॅलिडेशनचं आयसीएच क्यू२ मार्गदर्शक तत्त्व २०२३ च्या नोव्हेंबरात सुधारून आलं आणि त्याच्या जोडीला पद्धत कशी विकसित करावी यावर क्यू१४ हे नवीन आलं. या विषयावर काम केलेल्या माणसांची गरज आता वाढणार, हे माझं मत.

पण सावध. 'डेव्हलपमेंट' ही पाटी लावून आत निव्वळ स्टॅबिलिटीचे सॅम्पल चालवणाऱ्या लॅब मी पाहिल्या आहेत. मध्यम कंपन्यांत हे जास्त होतं, कारण क्यूसीवर ताण आला की पहिला हात एडीएलच्या माणसांवर पडतो. हे ओळखायची माझी खूण कॉलमचं कपाट आहे. मुलाखतीला गेलात की लॅब दाखवा म्हणा आणि कपाटासमोर दोन मिनिटं थांबा. खरी डेव्हलपमेंट लॅब असेल तर तिथे सी१८, सी८, फिनाइल, सायनो, हिलिक, वेगवेगळ्या लांबीचे, वेगवेगळ्या कंपन्यांचे, काही तर दोनदाच वापरून ठेवलेले कॉलम दिसतील. जिथे एकाच प्रकारच्या कॉलमचे वीस डबे ओळीने लावलेत, तिथे पाटीवर काहीही असो, आत क्यूसीच आहे. दुसरा प्रश्न थेट विचारा: "माझ्या जागी जो बसणार त्याने गेल्या वर्षी किती पद्धती पूर्ण केल्या, आणि व्हॅलिडेशनचा प्रोटोकॉल कोण लिहितं?" प्रोटोकॉल क्यूए लिहितं आणि तुम्ही फक्त इंजेक्शनं देता, असं उत्तर आलं तर अर्धं शिकणं गेलं.

हैदराबादची गोष्ट शिकण्याच्या बाबतीत वाटते तेवढी साधी नाही, आणि मी ती लगेच खोडत नाही. २०१८ मध्ये व्हल्सार्टन या रक्तदाबाच्या औषधात एनडीएमए हा नायट्रोसामाइन सापडला आणि तेव्हापासून जगभरच्या कंपन्यांना आपापली औषधं त्यासाठी तपासावी लागली. ही मोजणी एवढ्या सूक्ष्म पातळीवर असते की साधं एचपीएलसी पुरत नाही, एलसी-एमएस/एमएस लागतं. कॉन्ट्रॅक्ट लॅबकडे हे काम भरपूर येतं. त्या यंत्रावर दोन वर्षं स्वतः बसलेला माणूस पुढे कुठेही जाईल. पण तुम्हाला दिलेलं पद 'टीम लीड' आहे. टीम लीडचं काम जर दुसऱ्यांचा डेटा रिव्ह्यू करणं आणि क्लायंटला तारखा देणं असेल, तर यंत्र तुमच्या काचेपलीकडे राहील. चार वर्षांच्या अनुभवावर मोठं पद मिळतंय म्हटल्यावर मला आधी शंका येते की ते पद भरायला दुसरं कुणी तयार नाही. फोनवर एवढंच विचारा: "पहिल्या सहा महिन्यांत मी कोणत्या यंत्रावर असेन, की रिव्ह्यूवर?"

आता बॉस. या विषयावर मला सर्वात जास्त सांगायचंय, कारण लोक बॉसची पारख करताना तो गोड बोलतो का एवढंच बघतात. मुलाखतीत सगळेच गोड बोलतात. आपल्या धंद्यात बॉसची खरी ओळख एका प्रसंगी होते: मर्यादेबाहेरचा निकाल येतो तेव्हा. तुम्ही ओओएस म्हणता तो.

प्रसंग तपशिलात बघा. अ‍ॅसेची मर्यादा ९५ ते १०५ टक्के आहे. रात्री अकरा वाजता तुमचा निकाल ९४.२ येतो. माल उद्या सकाळी निघायचा आहे, प्रॉडक्शनवाला फोनवर फोन करतोय. नियमाने काय करायचं ते तुम्हाला माहीत आहे. द्रावणं फेकायची नाहीत. तुम्ही आणि वरिष्ठ मिळून वजनं, डायल्यूशन, स्टँडर्ड, इंटिग्रेशन, यंत्राची स्थिती तपासायची. लॅबमध्ये ठोस चूक सापडली, जसं की फ्लास्कच चुकीचा घेतला होता, तर तो निकाल कारणासकट बाद करून पुन्हा करायचं. चूक सापडली नाही, तर चौकशी प्रॉडक्शनकडे जाते: ग्रॅन्युलेशन, सुकवणं, ब्लेंडिंग. फेरचाचणी करायचीच तर किती वेळा करायची हे आधीच लिहिलेलं असतं आणि शक्यतो ती दुसऱ्या अ‍ॅनालिस्टने करायची. पास होईपर्यंत करत राहायचं नाही, आणि नापास निकाल पास निकालांच्या सरासरीत बुडवायचा नाही. हे नुसतं पुस्तकातलं नाही. १९९३ साली अमेरिकेत न्यू जर्सीच्या न्यायालयात अमेरिकन सरकार विरुद्ध बार लॅबोरेटरीज असा खटला गाजला, तो नेमका अशाच फेरचाचण्यांवर होता. त्या निकालाचा आधार घेत एफडीएने २००६ मध्ये ओओएसवरचं मार्गदर्शक काढलं आणि २०२२ मध्ये ते सुधारलं.

आता त्या रात्री तुमचा बॉस काय करतो? एक प्रकारचा बॉस म्हणतो, "बघ जरा, तुझंच काहीतरी चुकलं असेल, परत कर." परत केलं, ९६.१ आलं, माल गेला, फाइलवर लिहिलं 'अ‍ॅनालिस्टची चूक, पुनर्प्रशिक्षण दिले'. त्या फाइलवर सही तुमची. सॉफ्टवेअरच्या ऑडिट ट्रेलमध्ये लॉगिन तुमचं. दोन वर्षांनी ऑडिटर येतो, ट्रेल उघडतो, पहिलं इंजेक्शन दिसतं. तेव्हा तो बॉस कदाचित दुसऱ्या कंपनीत असतो. दुसऱ्या प्रकारचा बॉस रात्री अकराला लॅबमध्ये येतो किंवा फोनवर म्हणतो, "द्रावण जपून ठेव, सकाळी मी आणि क्यूए येऊन बघतो. माल थांबेल." प्रॉडक्शन त्याच्यावर ओरडतं, तुमच्यावर नाही. या माणसाच्या हाताखाली तुम्ही तीन वर्षांत जे शिकाल ते पहिल्याच्या हाताखाली दहा वर्षांत नाही, कारण पहिल्याकडे कारण शोधण्याची वेळच येत नाही. तिथे कारण आधीच ठरलेलं असतं.

मग मुलाखतीत हे कसं काढायचं? सरळ विचारा: "गेल्या वर्षी असा एखादा ओओएस आला का, ज्याचं कारण लॅबमध्ये सापडलं नाही? त्याचं पुढे काय झालं?" गुप्त माहिती मागू नका, उत्पादनाचं नाव नको म्हणा. उत्तर ऐका. "आमच्याकडे ओओएस येतच नाहीत" म्हणणाऱ्या माणसाचे आभार मानून घरी या. महिन्याला शेकडो सॅम्पल तपासणाऱ्या लॅबमध्ये ओओएस न येणं म्हणजे ते नोंदवले जात नाहीत. "बहुतेक वेळा अ‍ॅनालिस्टचंच चुकतं" हे उत्तरही वाईटच. चांगला माणूस या प्रश्नावर खुलतो. तो सांगेल की ड्रायरच्या एका कोपऱ्यात ओलावा राहत होता, ते शोधायला तीन आठवडे लागले, प्रॉडक्शनशी कसा वाद झाला, शेवटी सॅम्पलिंगची जागा कशी बदलली. त्याच्या गोष्टीत इतर लोक असतात, त्यांची कामगिरी असते. ज्याच्या गोष्टीत फक्त 'मी' असतो, त्याच्या हाताखाली तुमची वाढ होणं कठीण.

दुसरा प्रश्न खास गोव्याचा. विचारा, चवथीला ड्युटी कशी लावतात? क्यूसी बंद राहत नाही हे सगळ्यांना माहीत आहे. पण वर्षभर आधी यादी लागते, गेल्या चवथीला राहिलेल्याला यंदा सुट्टी मिळते, सेक्शन हेड स्वतः एक दिवस घेतो, असं उत्तर आलं तर ती लॅब नीट चालवलेली आहे. "बघू, अ‍ॅडजस्ट करतो" म्हणाला तर शिफ्टचं वेळापत्रक कुणाच्या मर्जीवर चालतं ते कळलं. वेर्ण्याच्या ऑफरमध्ये हे जरूर विचारा, कारण तिन्ही शिफ्ट आणि डिचोली ते वेर्णा कंपनीच्या बसने, थांबे धरून, जाताना-येताना प्रत्येकी दीडएक तास मोडतो.

एक गोष्ट लोक विसरतात. मोठ्या कंपनीत मुलाखत घेणारा क्यूसी हेड हा तुमचा बॉस नसतो. तुमचा बॉस असतो एचपीएलसी सेक्शनचा प्रमुख, आणि त्याला तुम्ही भेटलेलाच नसता. ऑफर स्वीकारण्याआधी त्याच्याशी पंधरा मिनिटं बोलायला मागा. एचआरने टाळाटाळ केली तर तेही एक उत्तर आहे. आणि तो किती वर्षं त्या जागी आहे ते विचारा. चांगला बॉस बघून गेलात आणि तो चार महिन्यांत सोडून गेला, असं होतंच. म्हणून केवळ बॉससाठी नोकरी धरू नये. काम चांगलं असेल तर बॉस गेल्यावरही काहीतरी उरतं. त्याच्याबद्दल बाहेरून माहिती काढायची असेल तर ती आपल्याकडे अवघड नाही. गोव्यात फार्मात काम करणाऱ्या कुणाच्याही मागे एक आतेभाऊ दुसऱ्या कंपनीत असतो. दोन फोन करा. मात्र "कसा आहे?" असं विचारू नका, त्याला "बरा आहे" एवढंच उत्तर येतं. "त्याच्या हाताखालून शेवटचे दोघे कुठे गेले?" असं विचारा.

हाच प्रश्न वाढीचाही आहे. पत्रावरचं पद बघू नका, कारण एका कंपनीचा सीनियर ऑफिसर दुसरीकडचा एक्झिक्युटिव्ह असतो आणि कॉन्ट्रॅक्ट लॅबचा टीम लीड कुठेतरी साधा ऑफिसर धरला जातो. तुम्ही बसणार त्या खुर्चीवरचे आधीचे दोन लोक आज कुठे आहेत, एवढं शोधा. दोघंही त्याच लॅबमध्ये वरच्या पदावर असतील तर उत्तम. दोघंही बाहेर चांगल्या ठिकाणी गेले असतील तर तेही वाईट नाही, म्हणजे तिथलं शिक्षण बाजारात चालतं. दोघंही सात वर्षं त्याच खुर्चीवर असतील तर विचार करा. आणि दर सहा महिन्यांनी माणूस बदलत असेल, तर बॉसवरचा परिच्छेद पुन्हा वाचा.

गोव्यापुरतं एक कडू सत्य सांगतो, कारण ते कुंडईच्या बाजूने नाही. क्यूसीच्या जागा गोव्यात भरपूर आहेत. वेर्ण्यातून कुंकळ्ळीला, पिळर्णला, कोलवाळला माणसं सतत इकडून तिकडे जातात. डेव्हलपमेंटच्या जागा मोजक्या. तीन वर्षांनी तुम्ही त्यात पक्के झालात आणि पुढची उडी घ्यायची झाली, तर ती हैदराबाद, अहमदाबाद, बंगळुरू किंवा मुंबईला असण्याची शक्यता जास्त. गोवा सोडायचाच नाही असं पक्कं असेल तर हा धोका आधीच मनात धरा. मात्र मेथड डेव्हलपमेंट केलेला माणूस क्यूसीत परत येतो तेव्हा तो सहसा वरच्या पायरीवर येतो. उलट दिशेने, आठ वर्षं क्यूसी करून डेव्हलपमेंटमध्ये जाणारे मी फारसे पाहिले नाहीत. चार वर्षांच्या अनुभवावर ते दार अजून उघडं आहे.

कंपनीची प्रकृतीही तपासा, त्याला घरबसल्या अर्धा तास पुरतो. वेर्ण्याची कंपनी अमेरिकेला माल पाठवते, तर तिच्या प्लांटच्या तपासण्या यूएसएफडीएच्या `datadashboard.fda.gov` या साइटवर दिसतात. तिथे प्लांट शोधा आणि शेवटच्या तपासणीपुढे काय लिहिलंय ते बघा. `NAI` म्हणजे काही कारवाई नाही, `VAI` म्हणजे त्रुटी आहेत पण कंपनीने स्वतः सुधाराव्यात, `OAI` म्हणजे प्रकरण गंभीर. `VAI` ला घाबरू नका, चांगल्या प्लांटांनाही येतं. `OAI` असेल तर वॉर्निंग लेटर निघालंय का ते बघा. ती पत्रं एफडीएच्या साइटवर सार्वजनिक असतात आणि त्यात लॅबबद्दल काय लिहिलंय ते शब्दशः वाचता येतं. डेटा खोडला, ट्रायल इंजेक्शनं लपवली असं असेल तर लांब राहा. ज्या लॅबचं नाव अशा पत्रात आलं, तिथून आलेल्या माणसाला पुढच्या प्रत्येक मुलाखतीत त्याबद्दल विचारतात. पण पत्र येऊन गेलंय, कंपनीने बाहेरचे सल्लागार आणलेत, सगळ्या एसओपी नव्याने लिहिल्या जातायत, असा काळ असेल तर उलटं आहे. दुरुस्तीच्या त्या दीड-दोन वर्षांत ऑफिसर जेवढं शिकतो तेवढं शांत प्लांटमध्ये कधीच शिकत नाही. थकवा मात्र तयारीत ठेवा.

गुण देऊन कोष्टक करायचा सल्ला कुणी दिला तर तो बाजूला ठेवा. मी लोकांना ते करताना पाहिलंय. मनात जे आधीच ठरलेलं असतं ते वर यावं म्हणून माणूस वजनं हळूच बदलतो. त्यापेक्षा आज रात्री तीन कागद घ्या आणि प्रत्येक ऑफरसाठी दोन वर्षांनंतरचा बायोडाटा लिहा, फक्त कामाच्या ओळी. वेर्ण्याचा कागद असा होईल: 'तयार मालाची एचपीएलसीवर नियमित तपासणी, ऑडिटमध्ये सहभाग.' पहिला अर्धा भाग तुमच्या आजच्या बायोडाटात आहेच. कुंडईचा: 'चार पद्धती विकसित, तीन व्हॅलिडेट, दोन क्यूसीला हस्तांतरित, फोर्स्ड डिग्रेडेशनचा अभ्यास स्वतः केला.' हैदराबादचा एकतर 'एलसी-एमएस/एमएसवर नायट्रोसामाइनच्या पद्धती' असा असेल, नाहीतर 'आठ जणांच्या टीमचा डेटा रिव्ह्यू'. कोणती ओळ खरी होणार, हे फोन करून विचारल्याशिवाय तो कागद भरताच येणार नाही.

बाँडबद्दल थोडं. "बाँड कोर्टात टिकत नाही" असं मित्र सांगतील. सरसकट ते खरं नाही. २०२५ च्या मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने विजया बँकेच्या प्रकरणात, तीन वर्षांआधी नोकरी सोडल्यास दोन लाख भरण्याची अट वैध धरली. ती सरकारी बँक होती आणि भरतीचा खर्च हा मुद्दा त्यात होता, त्यामुळे प्रत्येक खासगी कंपनीला ते जसंच्या तसं लागू होईल असं नाही. पण बाँड म्हणजे नुसता कागद, असंही समजू नका. रक्कम किती, ती दर महिन्याला कमी होत जाते का, आणि मूळ प्रमाणपत्रं ठेवून घेतात का, हे विचारा. प्रमाणपत्रं मागितली तर नकार द्या.

मी तुमच्या जागी असतो तर कुंडईकडे झुकलो असतो, दोन अटींवर: कॉलमच्या कपाटाने पाटी खरी ठरवली पाहिजे, आणि ओओएसच्या प्रश्नावर लॅबचा प्रमुख खुलला पाहिजे. यातली एक जरी जमली नाही तरी वेर्णा घ्या. तिथे निदान पैसे थोडे जास्त आहेत आणि मोठ्या प्लांटचं नाव लागतं. दोन वर्षांनी तिथून आतल्या आत डेव्हलपमेंट किंवा क्यूएमध्ये जाता येतं का, तेही विचारून ठेवा. हैदराबाद फक्त एकाच परिस्थितीत: पहिलं वर्ष एलसी-एमएसवर स्वतः बसायचं हे लेखी मिळालं आणि बाँडची रक्कम झेपणारी असली तर. मग टीम लीडऐवजी साधं पद दिलं तरी चालेल, उलट बरंच.

कुंडईवाल्यांकडे परत जाऊन मोजक्या गोष्टी मागा. ५.४ चे ५.७ करायला सांगा. बहुधा देतील, कारण एचपीएलसीवर हात बसलेला आणि जवळ राहणारा माणूस त्यांनाही सहज मिळत नाही. पण त्याहून महत्त्वाचं, नियुक्तीपत्रात विभाग 'अ‍ॅनालिटिकल डेव्हलपमेंट' असा स्पष्ट लिहून घ्या, आणि नोटीस पिरियड ९० दिवसांचा असेल तर ६० वर आणा. तीन महिन्यांच्या नोटीसवर पुढची कंपनी थांबत नाही.

बाबांचं म्हणणं या सगळ्याच्या आड येत नाही. कर्मचारी निवड आयोगाच्या परीक्षा नोकरी करत देता येतात, आणि बांबोळीच्या अन्न व औषध प्रशासनाच्या लॅबमध्ये कधी जागा निघाली तर डेव्हलपमेंटचा अनुभव तिथे वाया जाणार नाही. जनरल शिफ्ट असेल तर अभ्यासाला संध्याकाळही मिळते. फक्त त्या परीक्षेची वाट बघत ऑफर सोडू नका.

आठ दिवस कमी वाटत असतील तर वेर्ण्याच्या एचआरला आजच ईमेल करून चार दिवस मागा, कारण सांगा की सेक्शन हेडशी बोलायचं आहे. उद्या कुंडईला लॅब बघायला वेळ मागा, हैदराबादला फोन करा. राजीनामा मात्र सहीचं नियुक्तीपत्र हातात पडेपर्यंत देऊ नका, ऑफरच्या ईमेलवर तर नाहीच. आणि जुन्या कंपनीकडून रिलीव्हिंग लेटर नीट घेऊन निघा. फार्मात ते नसेल तर पुढच्या कंपनीत जॉइनिंगच्या दिवशीच अडतं.